सहाशे चाळीस रुपयांचा नग आणि अमर्याद जबाबदारी

पुरवठा कराराचा मसुदा एकतीस पानांचा होता, पण अडचण त्यातल्या दोनच कलमांत होती. कलम 14.2 मध्ये लिहिलं होतं की मालातल्या कोणत्याही दोषामुळं, उशिरामुळं किंवा अटीच्या भंगामुळं खरेदीदाराला, त्याच्या ग्राहकाला किंवा कोणत्याही तिसऱ्या माणसाला झालेलं सर्व नुकसान पुरवठादार भरून देईल. ते नुकसान थेट असो वा अप्रत्यक्ष, बुडालेला नफा असो वा बंद पडलेलं उत्पादन, रकमेला मर्यादा नाही. दोष कुणाचा हे खरेदीदार ठरवेल आणि त्याचा निर्णय अंतिम असेल. कलम 9 मध्ये पैसे ‘अंतिम स्वीकृती’नंतर 90 दिवसांनी मिळणार होते. त्यातलं 9.3 सांगत होतं की खरेदीदाराच्या ग्राहकानं पैसे दिले नसतील तर ही मुदत आपोआप पुढं जाईल.

खरेदीदार पुण्याकडची हायड्रॉलिक सिस्टिम बनवणारी मोठी कंपनी. पुरवठादार म्हणजे आम्ही, बेळगावच्या उद्यमबागेतलं एक मशिन शॉप. करारांची आणि बिलांची बाजू मी बघतो. काम चांगलं होतं. व्हॉल्व्ह बॉडी, स्थानिक फौंड्रीतून कास्टिंग घ्यायचं, मशिनिंग आमचं, ड्रॉइंग त्यांचं. दर नगाला 640 रुपये, महिन्याला 1,500 नग, म्हणजे महिन्याला 9 लाख 60 हजार आणि वर्षाला साधारण 1 कोटी 15 लाखांचं काम. मच्छे, उद्यमबाग, होनगा या पट्ट्यातल्या लहान कारखान्याला एका ग्राहकाकडून एवढी नियमित ऑर्डर मिळणं ही मोठी गोष्ट आहे. अण्णांचं, म्हणजे आमच्या मालकांचं, पहिलं वाक्य त्यामुळं अपेक्षेप्रमाणंच होतं.

“सही करून टाकूया की. सगळेच करतात. असले कागद कोण कोर्टात नेतंय?”

त्यावर मी कलमं वाचून दाखवली नाहीत, दराचा हिशोब मांडला. 640 मधले 310 कास्टिंगचे, 210 मशिनिंग आणि टूलचे, 40 तपासणी, पॅकिंग आणि भाड्याचे. उरतात 80. वर्षाला 18,000 नग धरले तर 14 लाख 40 हजार. कामात काहीही चुकलं नाही तर वर्षभरात हातात राहणारी रक्कम एवढीच.

आता हा नग जातो कुठं ते बघू. तो दीड-दोन लाखांच्या पॉवर पॅकमध्ये बसतो, आणि तो पॉवर पॅक कुठल्यातरी वाहन कारखान्यातल्या प्रेसवर. व्हॉल्व्ह बॉडीत आडव्या छिद्रांच्या संगमावर बर, म्हणजे मशिनिंगनंतर चिकटून राहिलेली धातूची कड राहिली, तर दाबाखाली तिचा कण सुटतो, आतला सरकणारा दांडा म्हणजे स्पूल अडकतो आणि प्रेस थांबतो. हा दोष असा की हवेच्या चाचणीत तो कळत नाही आणि कधीकधी तेलाच्या चाचणीतही पहिल्या वेळी सुटून जातो. प्रेस थांबला की लाइन थांबते, आणि लाइन थांबल्याचा दावा तासाच्या हिशोबानं येतो. असा एकच दावा 40 लाखांचा झाला, तर या कामाची जवळजवळ तीन वर्षांची कमाई त्यात जाते. मसुद्याप्रमाणं 40 लाखांवरही तो थांबायला बांधील नव्हता.

विमा आहे की, असं यावर अनेकजण म्हणतात. इथं पॉलिसी उघडून बघावी लागते. प्रॉडक्ट लायबिलिटीच्या नेहमीच्या पॉलिसीत सदोष नग बदलून देण्याचा खर्च धरलेला नसतो, बाजारातून माल परत मागवण्याचा खर्च वेगळा घेतल्याशिवाय मिळत नाही. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, कायद्यानं तुमच्यावर आली नसती अशी जबाबदारी तुम्ही कराराने ओढवून घेतली असेल, तर विमा कंपनी सहसा हात वर करते. कलम 14.2 तर नेमकं तेच करत होतं. भारतीय करार कायदा, 1872 च्या कलम 73 प्रमाणं करारभंगाची भरपाई व्यवहाराच्या ओघात स्वाभाविकपणे होणाऱ्या, किंवा दोन्ही बाजूंना आधीपासून ठाऊक असलेल्या नुकसानीपुरती असते. दूरचं आणि अप्रत्यक्ष नुकसान त्यात येत नाही. मसुदा मात्र ते सगळं नाव घेऊन आत आणत होता. म्हणजे करारात असं कलमच नसतं, तर कायद्यानं आमची स्थिती या मसुद्यापेक्षा बरी राहिली असती.

पैशाच्या कलमाचा हिशोब तर आणखी सोपा. माल पोचल्यावर ‘अंतिम स्वीकृती’साठी त्यांच्याकडं 30 दिवस, मग 90 दिवस, मग त्यांच्या पैसे सोडण्याच्या ठरलेल्या तारखेची वाट. सगळं धरून चार महिने कुठंच जात नव्हते. 18 टक्के जीएसटी धरून महिन्याचं बिल 11 लाख 33 हजारांच्या आसपास, म्हणजे कायम 45 लाखांवर रक्कम बाहेर अडकलेली. हेच 45 दिवसांत पैसे आले तर 17 लाख. मधल्या 28 लाखांचं कॅश क्रेडिटचं व्याज 11 टक्क्यांनी वर्षाला 3 लाखांच्या वर. 14 लाख 40 हजारांतला पाचवा हिस्सा नुसत्या वाट बघण्यात जाणार. शिवाय जुलैच्या बिलावरचा कर 20 ऑगस्टपर्यंत भरायचा आणि ग्राहकाचे पैसे नोव्हेंबरमध्ये यायचे. फौंड्रीवाले तर तीस दिवसांच्या वर थांबत नाहीत.

अण्णा आकडे बघून गप्प बसले, मग म्हणाले, “बरं, लिहा. पण काम जाऊ देऊ नका.”

पहिला प्रश्न वेळेचा होता. खरेदी आदेश मसुद्यासोबतच आला होता आणि त्याच्या तळाशी ओळ होती, ‘हा आदेश आमच्या सर्वसाधारण खरेदी अटींच्या अधीन आहे’. अशा वेळी लहान कारखान्यात काय होतं? कागदाचं नंतर बघू म्हणून पहिला लॉट निघतो. करार कायद्याच्या कलम 8 प्रमाणं प्रस्तावातली गोष्ट करून दाखवणं हीच स्वीकृती ठरू शकते, त्याला सही लागत नाही. माल गाडीत चढला की पुढच्या ई-मेलला फारसा अर्थ उरत नाही. दुसरीकडं कलम 7 सांगतं की स्वीकृती बिनशर्त असावी लागते. म्हणून माल निघण्याआधी बदल सुचवणारा ई-मेल गेला, तर आपण त्यांचा प्रस्ताव स्वीकारलेला नसून आपला प्रस्ताव मांडला आहे हे नोंदीवर येतं. ई-मेलवरून करार होतो का, ही शंकाही काढून टाकावी. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम 10अ त्यासाठीच आहे, आणि 2010 मध्ये ट्रायमेक्स विरुद्ध वेदांता या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं ई-मेलच्या देवाणघेवाणीतून पक्का झालेला करार मान्य केला, औपचारिक कागदावर सही झालेली नसतानाही. याचा अर्थ ‘ठीक आहे, बाकी बघू’ असा एका ओळीचा ई-मेलसुद्धा जपून पाठवावा.

म्हणून पहिला ई-मेल त्याच संध्याकाळी गेला, फक्त चार ओळींचा. आदेश मिळाला, काम करायची इच्छा आहे, अटींवर आमची टिप्पणी लवकरच येईल, तोवर आदेश प्रस्ताव म्हणून आमच्या विचाराधीन आहे आणि नमुन्याचे नग वगळता पुरवठा अटी ठरल्यावर सुरू होईल, आणि कृपया मसुद्याची वर्ड फाइल पाठवावी. वर्ड फाइल मागायचं कारण साधं आहे. पीडीएफवर शेरे मारून पाठवले तर समोरचा कायदा विभाग ते पुन्हा टंकण्याची तसदी घेत नाही आणि प्रकरण पडून राहतं. वर्डमध्ये बदल दिसतील अशी फाइल दिली की त्यांना फक्त मान्य किंवा अमान्य करायचं असतं.

मुख्य ई-मेल दुसऱ्या दिवशी तयार झाला. मसुदा इंग्रजीत असल्यानं तोही इंग्रजीतच गेला, इथं मराठीत देतो. विषयाच्या ओळीत मसुद्याचा क्रमांक, आवृत्ती आणि ‘कलम 9 व 14 वरील प्रस्तावित बदल’ एवढंच होतं. महिन्यांनी शोधताना विषयाची ओळच उपयोगी पडते. ई-मेल खरेदी व्यवस्थापकांच्या नावानं, आणि प्रतीत त्यांच्याच लेखा विभागाचे प्रमुख. कायदा विभागाला थेट लिहिलं नाही. खरेदीवाल्यांना डावलून वकिलांना लिहिलं की खरेदीवाले दुखावतात, आणि आपलं काम पुढं नेणारे तेच असतात.

“नमस्कार साहेब,

मसुद्यातली बहुतेक कलमं आम्हाला चालण्यासारखी आहेत. दोन ठिकाणी बदल सुचवत आहोत. पर्यायी मजकूर सोबतच्या फाइलमध्ये कलमाच्या जागीच लिहिला आहे.

कलम 14.2: आमच्या कामातल्या दोषाची जबाबदारी आम्ही घेतो. ड्रॉइंगप्रमाणं नसलेला नग आम्ही आमच्या खर्चानं बदलून देऊ आणि तो काढण्या-बसवण्याचा प्रत्यक्ष खर्च देऊ. सर्व दावे मिळून आमची एकूण जबाबदारी या आदेशाच्या वार्षिक मूल्याएवढी, किंवा मागच्या बारा महिन्यांत झालेल्या बिलांएवढी, यांत जी जास्त असेल तेवढ्यापर्यंत असावी. बुडालेला नफा, उत्पादन बंद राहणं आणि तुमच्या ग्राहकानं लावलेला दंड यांचा त्यात समावेश नसावा. फसवणूक, जाणूनबुजून केलेली चूक, आणि आमच्या कामातल्या दोषानं झालेली शारीरिक इजा किंवा मृत्यू यांना ही मर्यादा लागू नाही.

कारण: नगाचा दर ठरवताना या जोखमीचा हिशोब त्यात धरलेला नाही, आणि अमर्याद जबाबदारीला आमचा विमा संरक्षण देत नाही. ज्या रकमेच्या पाठीशी विमा नाही ती कागदावर असूनही तुमच्या हाती लागणार नाही.

कलम 9: आम्ही उद्यम-नोंदणीकृत लघु उत्पादक आहोत, प्रमाणपत्र सोबत जोडलं आहे. माल मिळाल्यापासून 15 दिवसांत लेखी हरकत आली नाही तर माल स्वीकारला असं धरावं आणि माल मिळाल्यापासून 45 दिवसांत पैसे मिळावेत. कलम 9.3 वगळावं.”

पुढं एवढंच होतं की फोनवर बोलायला आम्ही तयार आहोत आणि बोलणं झाल्यावर ठरलेलं लेखी पाठवू.

यातल्या काही शब्दांमागं विचार होता. ‘अमर्याद जबाबदारी काढून टाका’ असं लिहिलं की उत्तर एका शब्दात येतं, ‘नाही’. मर्यादा सुचवली की चर्चा आकड्यावर येते, आणि आकड्यावर तडजोड होऊ शकते. ‘वार्षिक मूल्य किंवा मागच्या बारा महिन्यांची बिलं, यांत जास्त’ ही जोडी मुद्दाम घातली. नुसतं ‘मागच्या बारा महिन्यांची बिलं’ लिहिलं तर पहिल्या महिन्यात मर्यादा जवळजवळ शून्य होते आणि समोरच्याला त्यात चलाखी दिसते. ‘सर्व दावे मिळून’ हे शब्दही तितकेच महत्त्वाचे, कारण ते नसले तर मर्यादा प्रत्येक दाव्याला वेगळी लागते, आणि पाच दावे आले तर ती पाचपट होते. जीविताच्या हानीला मर्यादा लावायची नाही हे आम्हीच आधी लिहून टाकलं. ते न्याय्यही आहे, आणि जखमी माणूस आपल्या दोघांच्या कराराला बांधलेला नसतो. त्यात ‘आमच्या कामातल्या दोषानं’ एवढे शब्द राहिले पाहिजेत, कारण ड्रॉइंग त्यांचं आहे आणि भिंतीची जाडी कमी पडून बॉडी फुटली तर तो दोष ड्रॉइंगचा.

कायद्याचा उल्लेख ई-मेलमध्ये मुद्दाम कमी ठेवला. कलमांचे आकडे टाकून पहिलाच ई-मेल धमकीच्या सुरात गेला, तर खरेदीवाला तो सरळ वकिलाकडं ढकलतो. पैशाच्या बाबतीत एक गोष्ट मात्र सांगणं भाग होतं, आणि ती लेखा विभागाच्या प्रमुखांसाठी शेवटी वेगळ्या परिच्छेदात लिहिली. 2023 च्या वित्त कायद्यानं 1961 च्या आयकर कायद्यात 43ब च्या खाली (एच) हे उपकलम आणलं, ते 1 एप्रिल 2024 पासून लागू झालं. सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे एमएसएमई कायद्यातल्या कमाल 45 दिवसांच्या मुदतीपलीकडं थकवले, तर खरेदीदाराला तो खर्च त्या वर्षी वजा मिळत नाही, पैसे प्रत्यक्ष देईल त्या वर्षी मिळतो. 31 मार्चला आमची 40-45 लाखांची थकबाकी त्यांच्या वह्यांत राहिली असती, तर त्यातला जीएसटी सोडून उरलेल्या रकमेवर त्यांना त्या वर्षी कर भरावा लागला असता. खरेदी विभागाला हे माहीत नसतं, पण लेखा विभागाला पक्कं माहीत असतं. म्हणूनच त्यांना प्रत.

तीन दिवसांनी उत्तर आलं. अपेक्षित वाक्य पहिल्याच ओळीत होतं, ‘ही आमची प्रमाणित अटींची पुस्तिका असून सर्व पुरवठादारांनी ती स्वीकारली आहे’. पुढं दोन मुद्दे. एक, ‘स्वीकृती’ म्हणजे आमच्या गुणवत्ता विभागाची अंतिम स्वीकृती, तिला तारीख बांधता येणार नाही. दोन, 45 दिवस हवे असतील तर एमएसएमई कायद्याखालचं व्याज मागणार नाही असं हमीपत्र द्यावं.

दुसरा मुद्दा इथल्या बऱ्याच कारखान्यांना माहीत आहे, आणि अनेकांनी तसली पत्रं देऊनही टाकली आहेत. एमएसएमई विकास कायदा, 2006 चं कलम 15 म्हणतं की मुदत लेखी ठरवता येते, पण ती स्वीकृतीपासून 45 दिवसांच्या पलीकडं जाऊ शकत नाही. लेखी मुदतच नसेल तर 15 दिवस. त्यापुढं कलम 16 प्रमाणं रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दरानं, महिन्याच्या चक्रवाढीनं व्याज. बँक रेट 6 टक्के असेल तर व्याज 18 टक्के. कलम 16 मध्येच लिहिलंय की करारात काहीही असलं तरी हे व्याज लागू, आणि कलम 24 या तरतुदींना इतर कायद्यांवर वरचढ ठेवतं. पहिल्या मुद्द्याचं उत्तरही त्याच कायद्यात आहे. कलम 2(ब) प्रमाणं स्वीकृतीचा दिवस म्हणजे माल प्रत्यक्ष पोचला तो दिवस. 15 दिवसांत लेखी हरकत आली असेल तर पुरवठादारानं ती दूर केली तो दिवस. हरकत आली नाही तर पोचल्याच्या दिवशीच माल स्वीकारला असं मानलं जातं. खरेदीदाराच्या गुणवत्ता विभागाला या व्याख्येत वेगळी जागा नाही.

याची एक सीमा इथं सांगायलाच हवी. हे संरक्षण सूक्ष्म आणि लघु उद्योगाला आहे, मध्यम उद्योगाला नाही. 1 एप्रिल 2025 पासूनच्या व्याख्येप्रमाणं लघु म्हणजे यंत्रसामग्रीतली गुंतवणूक 25 कोटींपर्यंत आणि उलाढाल 100 कोटींपर्यंत. नुसत्या व्यापाऱ्यालाही हे लागू होत नाही. आणि उद्यम नोंदणी कराराच्या आधीची असलेली बरी. नोंदणी नंतर करून मागच्या पुरवठ्यावर हक्क सांगता येतो का, यावर सर्वोच्च न्यायालयापर्यंत वाद झाले आहेत, त्यात आपण कशाला पडायचं? प्रमाणपत्र ई-मेलला जोडून पाठवलं की खरेदीदाराला हे माहीत नव्हतं असं पुढं म्हणता येत नाही.

दुसरा ई-मेल लहान ठेवला. ‘तसं हमीपत्र आम्ही देऊ शकत नाही, कारण कायद्यातली तरतूद करारानं बदलत नाही आणि ते पत्र तुमच्याही उपयोगाचं नाही. आमचा हेतू व्याज मागण्याचा नाही, वेळेवर पैसे मिळण्याचा आहे. कागदपत्रांची तपासणी जलद व्हावी म्हणून प्रत्येक लॉटसोबत मोजमापाचा अहवाल, ओतकामाचा हीट क्रमांक आणि दाबचाचणीची नोंद आम्ही पाठवू, म्हणजे 15 दिवसांत तपासणी पूर्ण करणं तुमच्या गुणवत्ता विभागाला सोपं जाईल.’ नकारासोबत काहीतरी देऊ केलं की ई-मेल अडवणुकीचा वाटत नाही. हीट क्रमांकाची नोंद आमच्याही फायद्याची होती. पुढं कधी दावा आला तर तो कुठल्या ओतकामापुरता आहे हे ठरतं, नाहीतर सहा महिन्यांचा सगळा माल संशयात जातो.

आणखी एक पर्याय त्याच ई-मेलमध्ये दिला. 250 कोटींच्या वर उलाढाल असलेल्या कंपन्यांना ट्रेड्स या बिलांवर आगाऊ पैसे मिळवून देणाऱ्या ऑनलाइन मंचावर नोंदणी करणं बंधनकारक झालं आहे, त्यासाठी 31 मार्च 2025 ही तारीख होती. आमचा ग्राहक त्या आकाराचा होता. तिथं बिल मान्य केलं की वित्तसंस्था आम्हाला पैसे लगेच देते आणि खरेदीदार तिला ठरलेल्या तारखेला. सवलतीचा दर खरेदीदाराच्या पतीवर ठरतो, म्हणून तो आमच्या कॅश क्रेडिटपेक्षा सहसा कमी बसतो. मात्र अट एकच, त्यांनी बिल मंचावर मान्य केलं पाहिजे. तेच टाळलं तर मंच असून नसल्यासारखा.

यानंतर फोन आला. खरेदी व्यवस्थापक मोकळेपणानं बोलले. “पैशाचं होऊन जाईल, आमच्या अकाउंट्सनीच ते लावून धरलंय. पण लायबिलिटीवर आमचे लीगलवाले वार्षिक मूल्याच्या दुप्पट म्हणतायत. आणि डेबिट नोटचा अधिकार आम्ही सोडणार नाही.”

दुप्पट म्हणजे 2 कोटी 30 लाख. आमची पॉलिसी 1 कोटीची होती. ती वाढवता आली असती, पण वाढीव हप्ता दरात टाकावा लागला असता. तसं मी त्यांना सांगितलं, नगाला किती पैसे वाढतील त्याच्या अंदाजासकट. दर वाढवून घ्यायला खरेदी विभाग कधीच तयार नसतो, त्यामुळं मर्यादा एकपटीवर आली. जबाबदारीच्या प्रत्येक चर्चेत हे करावं असं माझं ठाम मत आहे. जोखीम फुकट नसते. तिची किंमत आकड्यात सांगितली की समोरचा स्वतःच ठरवतो की त्याला ती खरंच हवी आहे का.

डेबिट नोटवर पूर्ण विजय मिळाला नाही. बिलातून रक्कम कापून घेण्याचा अधिकार त्यांनी ठेवलाच. पण त्याला अटी लागल्या: कापण्याआधी 15 दिवसांची लेखी सूचना, सदोष नग आमच्या ताब्यात किंवा समक्ष तपासणी, कारणमीमांसेचा संयुक्त अहवाल, आणि वाद असलेल्या रकमेपुरतीच कपात, बाकीचं बिल वेळेवर. 14.2 मधलं ‘दोष कुणाचा हे खरेदीदार ठरवेल’ हे वाक्य त्यामुळं आपोआप पडलं. माझ्या मते या कराराचा सगळ्यात मोलाचा बदल हाच. मर्यादेचं कलम दहा वर्षांत एकदा उपयोगी पडेल, डेबिट नोटची अट दर तिमाहीला पडते. स्पूल अडकलेली बॉडी खोलून बघितल्याशिवाय तो बरचा कण आहे, त्यांच्या असेंब्लीत शिरलेला कचरा आहे की तेलातली घाण आहे, हे कुणालाच सांगता येत नाही. नग भंगारात टाकून नुसता फोटो आणि डेबिट नोट पाठवण्याची पद्धत अनेक ठिकाणी आहे, आणि तिथं पुरवठादाराकडं बोलायला काहीच उरत नाही.

वॉरंटीही याच बोलण्यात सरळ झाली. मसुद्यात अंतिम ग्राहकाकडं यंत्र चालू झाल्यापासून 36 महिने होते. ते यंत्र कधी चालू होतं हे आम्हाला कळण्याचा मार्गच नाही, म्हणून चालू झाल्यापासून 12 किंवा माल निघाल्यापासून 18 महिने, जे आधी संपेल ते.

उशिराच्या दंडाच्या कलमातला बदल मात्र सीमेवरच्या माणसालाच सुचला असता. आठवड्याला अर्धा टक्का, कमाल 5 टक्के, इथपर्यंत ठीक. पण अटळ कारणांची सवलत मसुद्यात फक्त खरेदीदाराला होती. आमचा माल निपाणी, कागल, कोल्हापूरवरून पुण्याला जातो, एकाच महामार्गानं. ऑगस्ट 2019 च्या पुरात कोल्हापूरजवळ तो दिवसचे दिवस बंद होता. जुलै 2021 मध्ये निपाणीजवळ यमगर्णीला वेदगंगेचं पाणी रस्त्यावर आलं. डिसेंबर 2022 मध्ये सीमावादावरून हिरेबागेवाडीच्या टोलनाक्याजवळ महाराष्ट्राच्या गाड्यांवर दगडफेक झाली आणि वाहतूकदारांनी गाड्या काढायला नकार दिला. यातलं काहीच आमच्या हातात नाही. म्हणून सवलत दोन्ही बाजूंना, आणि ‘महामार्ग बंद होणे, पूर, बंद व आंदोलनामुळे वाहतूक थांबणे’ असे स्पष्ट शब्द घातले. नुसतं ‘नैसर्गिक आपत्ती’ लिहिलं असतं तर टोलनाक्यावरचा प्रकार त्यात बसला नसता. चोवीस तासांत ई-मेलनं कळवण्याची अट आम्हीच घालून घेतली, त्यावर त्यांची हरकत राहिली नाही.

न्यायक्षेत्राचं कलम ‘फक्त पुणे’ असं होतं, ते तसंच सोडलं. एमएसएमई कायद्याच्या कलम 18(4) प्रमाणं थकबाकीचा दावा पुरवठादार जिथं आहे तिथल्या सुलभीकरण परिषदेपुढं चालतो, खरेदीदार देशात कुठंही असला तरी. म्हणजे पैशासाठी आम्हाला पुण्याला जावं लागणार नाही, कर्नाटकातच जाता येईल. जिथं कायदा आधीच आपल्या बाजूनं आहे तिथं ई-मेलमध्ये एक मुद्दा वाढवायचा नाही. समोरच्यालाही काहीतरी तसंच ठेवलेलं दिसलं पाहिजे.

फोन संपल्यावर तासाभरात ठरलेल्या गोष्टींचा ई-मेल गेला, कलमवार, ‘यात काही चुकीचं नोंदलं असेल तर उद्या संध्याकाळपर्यंत कळवावं’ अशा ओळीसह. एक दुरुस्ती आली, ती मान्य केली, सुधारित करार सहीला आला.

करारावर सही झाली म्हणजे संपलं असं नाही, आणि नेमकी इथंच बरीच प्रकरणं फसतात. पुण्याहून आलेल्या नव्या खरेदी आदेशावर पैशाची मुदत अजूनही नेट 90 अशीच छापलेली होती. कंपनीच्या सॅप प्रणालीत पुरवठादाराच्या नोंदीत जी मुदत भरलेली असते तीच प्रत्येक आदेशावर उतरते आणि पैसे सोडणारा माणूस तीच बघतो. करार त्याच्यासमोर कधीच नसतो. म्हणून लेखा विभागाला वेगळा ई-मेल केला: कराराचं कलम 9, त्यातली 45 दिवसांची मुदत, आणि आमच्या नोंदीतली मुदत बदलून सुधारित आदेश पाठवण्याची विनंती. करार आणि आदेश यांत फरक पडला तर करार वरचढ ठरेल, ही ओळ करारात आधीच घालून घेतली होती, तरीही आदेश दुरुस्त होऊन आल्यावरच अण्णांनी पहिली गाडी भरायला सांगितलं.

आता प्रत्येक लॉटला पोचपावतीचा क्रमांक आणि तारीख आम्ही ई-मेलवर मागून घेतो. सोळाव्या दिवशी, हरकत आली नसेल तर, स्वीकृतीची तारीख आणि पैसे देय असल्याची तारीख कळवणारी दोन ओळींची नोंद लेखा विभागाला जाते. पहिल्या तिमाहीत एक डेबिट नोट आली, 11 नगांची, कारण छिद्राच्या संगमावरची बर. नग परत मागवले, दोन्हीकडच्या माणसांनी एकत्र बसून खोलले. सात आमचे निघाले, त्यांचे 4,480 रुपये आणि काढण्या-बसवण्याचा खर्च मान्य केला. चार नगांत रबरी सीलचे तुकडे होते, ते आमचे नव्हते, तेवढी कपात रद्द झाली. बाकीचं बिल ठरलेल्या तारखेला आलं.